मुंबईत दीड महिन्याचा कौटुंबिक मुक्काम: स्वयंपाकघर असलेली सदनिका, किराणा आणि कपड्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळ, शिवडी आणि दादर या पट्ट्यातील मोठ्या रुग्णालयांत उपचारासाठी बाहेरगावची कुटुंबे कित्येक आठवडे मुंबईत येऊन राहतात. पुढील उत्तरांमध्ये उदाहरणासाठी असेच एक कुटुंब धरले आहे: सांगलीकडचे आजी-आजोबा, मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात. आजोबांचे उपचार सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार चालणार आहेत आणि मुक्काम जूनच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत, म्हणजे ऐन पावसाळ्यात आहे. मुंबईत घर चालवण्यासाठी वर्षातला हाच काळ सर्वांत अवघड असल्यामुळे, जी व्यवस्था या दिवसांत टिकते ती एरवीही टिकते.

सदनिका घेणे खरोखर आवश्यक आहे का? धर्मशाळा किंवा हॉटेल चालणार नाही का?

रुग्ण आणि सोबतीला एक माणूस एवढेच येणार असतील, तर दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी आधी चौकशी करावी, कारण तिथल्या खर्चाशी कोणतीही सदनिका स्पर्धा करू शकत नाही. पाच माणसे, त्यांत एक लहान मूल आणि एक पथ्याचे पान, असा संसार असेल तर मात्र दोन-तीन आठवड्यांनंतर हॉटेलचे जेवण अंगालाही मानवत नाही आणि खिशालाही परवडत नाही. रुग्णाचे पथ्य काय असावे हे रुग्णालयातील आहारतज्ज्ञच ठरवतील. पण ते पाळण्यासाठी बिनतिखटाचा मऊ भात किंवा मुगाचे कढण दिवसाच्या कोणत्याही वेळी करता येणे गरजेचे असते आणि त्यासाठी स्वतःची चूल लागते.

कोणत्या भागात पाहावे?

रुग्णालय परळला असेल तर दादर पूर्व, नायगाव, परळ गाव, लालबाग आणि वडाळा हे भाग सोयीचे पडतात. भाडे वाचवण्यासाठी ठाण्याला किंवा कल्याणला जागा घेण्याचा सल्ला अनेकजण देतात. धडधाकट माणसाच्या नोकरीसाठी तो योग्य असेल, पण आजारी माणसाला रोज गर्दीच्या लोकलमधून नेणे-आणणे आठवड्याभरात अशक्य होते. याच पट्ट्यातला हिंदमाताचा परिसर मुसळधार पावसात पाणी तुंबण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. त्यामुळे इमारतीच्या फाटकासमोर पाणी साचते का, हे दलालाला न विचारता शेजारच्या दुकानदाराला किंवा रखवालदाराला विचारावे आणि तळमजल्यावरची जागा कितीही स्वस्त असली तरी पावसाळ्यात घेऊ नये.

जाहिरातीत ‘सुसज्ज स्वयंपाकघर’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय धरावा?

काहीच धरू नये. अल्पमुदतीने दिल्या जाणाऱ्या सदनिकांत हा शब्द दोन शेगड्यांच्या पूर्ण ओट्यासाठीही वापरतात आणि एक इंडक्शन, एक किटली व चार कप ठेवलेल्या कोपऱ्यासाठीही वापरतात. छायाचित्रांत दोन्ही सारखीच चकचकीत दिसतात. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मालकाला किंवा व्यवस्थापकाला व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघरात उभे राहायला सांगावे आणि तीन गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवायला लावाव्यात: दोन्ही शेगड्या पेटवणे, सिंकचा नळ सोडणे आणि फ्रिज उघडून आतला भाग दाखवणे. नळ सोडण्याची मागणी दुपारी तीनच्या सुमारास करावी, कारण सकाळी बहुतेक घरांत पाणी असतेच.

भांडी किती आहेत याची फारशी चिंता करू नये. पोळपाट-लाटणे, तवा, सांडशी, मिसळणाचा डबा आणि पाच लिटरचा कुकर एवढे घरून आणले की भागते. कुकर आणताना त्याची रबरी रिंग नवी घालून आणावी. जिथे चूल इंडक्शनची आहे तिथे भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावून पाहावे. ते घट्ट चिकटले नाही तर ते भांडे त्या शेगडीवर तापणार नाही. घरातले बरेचसे जुने ॲल्युमिनियमचे कुकर याच कारणाने मुंबईत येऊन निरुपयोगी ठरतात.

पाइपचा गॅस, सिलिंडर आणि इंडक्शन यांपैकी काय असलेले घर निवडावे?

पर्याय असेल तर महानगर गॅसची जोडणी असलेले घर निवडावे, कारण त्यात गॅस मध्येच संपण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र घरून आणलेली सिलिंडरची शेगडी पाइपच्या गॅसला जोडू नये. दोन्ही वायूंचा दाब आणि घटक वेगळे असल्यामुळे शेगडीतील जेट बदलावे लागतात, आणि ते काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे लागते. ज्योत निळी आणि स्थिर असावी. ती पिवळी पडत असेल आणि भांड्यांच्या बुडाला काजळी धरत असेल, तर बर्नर साफ करण्याची किंवा जेट तपासण्याची गरज आहे असे समजावे.

सिलिंडर असेल तर १४.२ किलोचा एक सिलिंडर पाच माणसांच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला साधारणपणे पाच आठवडे पुरतो. आपल्या उदाहरणातला मुक्काम सहा आठवड्यांचा आहे, म्हणजे तो शेवटच्या आठवड्यात, निघण्याच्या धांदलीत संपण्याची शक्यता आहे. म्हणून जोडीचा दुसरा सिलिंडर घरात आहे का आणि तो कोणी भरून आणायचा, हे आधीच ठरवावे. तशी सोय नसेल तर ओळखपत्र दाखवून मिळणारा पाच किलोचा छोटा सिलिंडर हा मार्ग आहे.

फक्त इंडक्शन असलेली जागा नाइलाजाने घ्यावी लागली तर आधी प्लग पाहावा. दोन हजार वॉटची शेगडी सुमारे ९ अँपिअर वीज ओढते, त्यामुळे ती भिंतीवरच्या ६ अँपिअरच्या लहान प्लगला लावणे धोक्याचे आहे. तिला १६ अँपिअरचा मोठा प्लग हवा. प्लग तापणे किंवा प्लास्टिक जळल्याचा वास येणे हे शेगडी ताबडतोब बंद करण्याचे लक्षण आहे. सपाट बुडाच्या लोखंडी तव्यावर घडीची पोळी इंडक्शनवर उत्तम होते, पण भाकरी शेवटी आचेवर टाकून फुगवायची असल्यामुळे ती मात्र नीट होत नाही. सांगलीच्या घरात रात्री ज्वारीची भाकरी लागतेच, हे लक्षात घेता या कुटुंबाने इंडक्शनवर समाधान मानू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘चोवीस तास पाणी’ असे सांगतात. ते खरे असते का?

मुंबई महानगरपालिका प्रत्येक विभागाला ठरावीक वेळीच पाणी सोडते. ते इमारतीच्या तळाच्या टाकीत पडते, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि मग घराघरांत येते. त्यामुळे चोवीस तास पाणी म्हणजे गच्चीवरची टाकी पुरेशी मोठी आहे आणि सोसायटी ती बंद करत नाही, एवढाच अर्थ घ्यावा. अनेक जुन्या इमारतींत सोसायटी सकाळी आणि संध्याकाळी दीड-दोन तासच पाणी सोडते. शिवाय धरणे भरेपर्यंत, म्हणजे बहुधा जून आणि जुलैतच, पाणीकपात लागू होऊ शकते. २०२४ च्या जूनमध्ये ती १० टक्के होती.

विचारायचा प्रश्न असा: स्वयंपाकघराचा नळ, न्हाणीघराचा नळ आणि कपडे धुण्याच्या यंत्राचा नळ, या तिघांना कोणते पाणी येते? अनेक इमारतींत फ्लशसाठी बोअरचे किंवा विहिरीचे पाणी वापरतात, आणि यंत्राची नळीही कधीकधी त्याच पाण्याला जोडलेली असते. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, पांढरे कपडे पिवळट पडतात आणि पंचे वाळल्यावर खरखरीत होतात. एका पेल्यात पाणी आणि चिमूटभर साबणपूड घालून हलवले की शंका मिटते.

पिण्याला आणि स्वयंपाकाला पाच माणसांना रोज २० ते २५ लिटर पाणी पुरते. तेवढे सकाळी झाकणाच्या पिंपात भरून ठेवावे आणि पावसाळ्यात पिण्याचे पाणी, गाळणयंत्र असले तरी, उकळून घ्यावे.

किराणा किती भरावा?

सहा आठवड्यांचा किराणा एकदम भरू नये. मुंबईच्या दमट हवेत जून-जुलैमध्ये रव्याला जाळी धरते, पिठात अळ्या होतात, मीठ आणि गूळ पाझरतात. आठवड्याचे गणित मांडून घट्ट झाकणाच्या डब्यांत मावेल तेवढेच आणावे.

आपल्या कुटुंबाचे गणित असे होते. दुपारी चार मोठ्यांना प्रत्येकी तीन आणि नातीला दोन, म्हणजे १४ पोळ्या लागतात. त्यांना सुमारे ४५० ग्रॅम कणीक लागते, म्हणून आठवड्याला तीन ते सव्वातीन किलो गव्हाचे पीठ पुरते. रात्री आठवड्यातून चार वेळा पाच भाकऱ्या केल्या तर ज्वारीचे पीठ दोन किलो लागते. दोन वेळचा थोडा-थोडा भात धरून तांदूळ तीन किलो, डाळी एक किलो आणि तेल पाऊण लिटर. दूध रोज दीड लिटर. पहिल्या आठवड्याच्या शेवटी डब्यात काय उरले ते पाहून हे आकडे दुरुस्त करावेत. परक्या घरात माणसे घरच्याइतकीच भूक घेऊन जेवत नाहीत.

ज्वारीचे पीठ मात्र पाकीटबंद घेऊ नये. ते जुने झाले की त्याची भाकरी थापताना चिरते आणि चवीलाही कडवट लागते. दादर आणि लालबागमध्ये पिठाच्या गिरण्या आहेत. धान्य घेऊन आठवड्याला दोन किलो दळून आणणे हाच उपाय आहे. एरवी वापरायच्या साठ्याखेरीज दोन दिवसांची खिचडी, पोहे, दूधपावडर आणि कांदे-बटाटे वेगळे ठेवावेत. हिंदमाताला कमरेएवढे पाणी असताना भाजी आणायला कोणी बाहेर पडत नाही, आणि दहा मिनिटांत सामान आणून देणारी ॲपेही नेमकी त्याच दिवशी बंद पडतात.

खरेदी कुठे करावी?

भाजीसाठी दादर स्थानकाच्या पश्चिमेचा बाजार पुरेसा आहे. पहाटे तिथे घाऊक व्यवहार चालतो, नंतर किरकोळ विक्री असते. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळं आणि कंटोली घेऊन आदिवासी बायका तिथे येतात. निरोगी माणसांनी या भाज्या अवश्य खाव्यात, पण रुग्णाच्या पानात नवी भाजी वाढण्यापूर्वी विचारून घ्यावे. शेवळं तर नीट माहिती असल्याशिवाय शिजवूच नयेत, घसा खाजतो. आठवड्याचा कोरडा माल अपना बाजार, सहकारी भांडार किंवा डी-मार्टमधून आणि रोजचे दूध, पाव, अंडी कोपऱ्यावरच्या दुकानातून, अशी विभागणी सोयीची ठरते. कोपऱ्यावरच्या वाण्याशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्यावी, कारण फोनवर सांगितलेले सामान चौथ्या मजल्यावर आणून देणारा तोच असतो. मासे खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते; बाजारात मासे मिळतात, पण त्यांत बर्फातला माल बराच असतो आणि भाव चढे असतात. काही सोसायट्यांत सामिष स्वयंपाकाला हरकत घेतली जाते, तेव्हा जागा ठरवतानाच हे स्पष्ट विचारावे.

रुग्णालयाच्या फेऱ्या सांभाळून रोजचा स्वयंपाक कसा बसवावा?

अडचण दोन शेगड्यांची आणि सकाळच्या दोन तासांची असते. एका शेगडीवर कुकर लावावा आणि त्यातच तीन भांडी ठेवावीत: घरच्यांचा भात, वरणाची डाळ आणि आजोबांचा मऊ भात. दुसऱ्या शेगडीवर भाजी होते. कुकर उतरल्यावर त्या शेगडीवर तवा चढतो. पथ्याचे जेवण असे एकाच कुकरमधून वेगळे निघाले तर सुनेला दोन स्वयंपाक करावे लागत नाहीत; फोडणी फक्त घरच्यांच्या वरणाला द्यायची.

उपचाराची वेळ यंत्राच्या उपलब्धतेनुसार पुढे-मागे होते, त्यामुळे जेवणाची वेळ घड्याळावर ठरवू नये. भाजी आणि वरण तयार ठेवून पोळ्या आल्यावर लाटणे चांगले, आणि ज्या दिवशी परतायला तीन वाजतील त्या दिवशी पोळ्या विकत आणाव्यात. दादरमध्ये घरगुती पोळी-भाजी केंद्रे पुष्कळ आहेत, त्यांच्या पोळ्या मऊ असतात आणि आठवड्यातून दोनदा त्या आणण्यात कमीपणा काहीच नाही. उरलेले वरण-भात पावसाळी हवेत ओट्यावर ठेवू नये. निवल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावे आणि खाताना वाफ येईपर्यंत गरम करावे. रुग्णाला मात्र ताजेच वाढावे.

सदनिकेत कपडे धुण्याचे यंत्र आहे. मग कपड्यांची काळजी मिटली ना?

धुण्याची मिटली, वाळवण्याची नाही. पावसाळी मुंबईत कपडे किती धुवायचे हे यंत्राच्या आकारावर नव्हे, तर घरातल्या दोरीच्या लांबीवर ठरते, आणि नेमके हेच कोणी पाहून येत नाही.

आपले कुटुंब एका आड एका दिवशी यंत्र लावते असे समजू. तेव्हा त्यातून मोठे कपडे वीसेक, आतले आणि लहान कपडे तितकेच, पाच पातळ पंचे आणि आजींच्या दोन साड्या निघतात. मोठे कपडे हँगरवर घालून १५ सेंटिमीटर अंतराने टांगले तर त्यांना तीन मीटर लागतात. पंच्यांना पावणेचार मीटर, चौघडी साड्यांना अडीच मीटर आणि लहान कपडे चिमट्यांच्या गोल हँगरवर अडकवल्यास त्यांना जवळजवळ काहीच जागा लागत नाही. एकूण सव्वानऊ मीटर झाले. छताला दोऱ्यांनी वर-खाली होणारा सहा दांड्यांचा स्टँड असेल आणि प्रत्येक दांडी सहा फुटांची असेल, तर जवळपास अकरा मीटर मिळतात. पंख्याखाली सुती कपड्यांना वाळायला दीड दिवस लागला तरी दुसरे धुणे येईपर्यंत दांड्या मोकळ्या होतात. स्टँडच्या जागी खिडकीबाहेरची जाळी आणि तिला बांधलेली तीन मीटरची नायलॉन दोरी एवढेच असेल, तर जुलैमध्ये हे घर चालणार नाही. जाळीत पाऊस येतोच, शिवाय खालच्या मजल्यावर पाणी ठिबकले की तक्रारही येते.

वाळवताना पंखा कपड्यांवर वरून मारण्यापेक्षा बाजूने किंवा खालून मारलेला बरा, आणि यंत्रातून काढण्याआधी पिळण्याचा फेरा दोनदा चालवावा. त्याने वाळण्याचा वेळ सर्वांत जास्त कमी होतो. पंचे घरून आणताना टर्किशचे जाड टॉवेल मागे ठेवून पातळ पंचेच आणावेत. कपड्यांना कुबट वास येऊ लागला तर ते जास्त वेळ ओले राहिले आहेत किंवा साबण जास्त पडला आहे, असे समजावे. अत्तराचा द्रव घालून तो वास जात नाही, कमी साबणात पुन्हा धुवावे लागते. सलग तीन-चार दिवस पाऊस उघडला नाही तर किलोच्या दराने धुऊन-सुकवून देणाऱ्या लाँड्रीत एक गठ्ठा द्यावा आणि दोरी मोकळी करून घ्यावी.

यंत्र पूर्ण स्वयंचलित असावे की अर्धस्वयंचलित?

पाण्याला जोर असेल तर पूर्ण स्वयंचलित सोयीचे. गच्चीच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यांवर जोर बहुधा कमी असतो. दहा लिटरची बादली भरायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल तर यंत्र मध्येच अडते किंवा एक धुणे फार लांबते. अशा घरात बादलीने पाणी ओतता येणारे अर्धस्वयंचलित यंत्र अधिक उपयोगी पडते. यंत्र पाण्याच्या वेळेतच लावावे. वरून कपडे टाकण्याच्या यंत्राला एका धुण्यात शंभर लिटरच्या आसपास पाणी लागते आणि समोरून उघडणाऱ्याला त्याच्या निम्म्याच्या जवळपास.

चादरी आणि इस्त्रीचे काय करावे?

चादरी घरी धुऊच नयेत, त्या दोरी अडवून बसतात. आठवड्याला धोब्याकडे द्याव्यात. इस्त्रीवाला जवळजवळ प्रत्येक इमारतीखाली असतो. अर्धवट दमट कपडेही तो इस्त्री करून कोरडे देतो, ही पावसाळ्यातली मोठी सोय आहे.

कागदपत्रे कोणती लागतात?

मालकाशी थेट व्यवहार असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवावा. महाराष्ट्रात भाडेनियंत्रण कायदा, १९९९ नुसार ही नोंदणी बंधनकारक आहे. मालकाने पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती द्यावी लागते. सोसायटीच्या कार्यालयात आधारकार्डांच्या प्रती आणि रुग्णालयाचे पत्र दिले की फाटकावरची रोजची विचारपूस थांबते.

जागा सोडताना काय पाहावे?

आल्या दिवशीच गॅस आणि विजेच्या मीटरचे आकडे मोबाइलवर टिपून ठेवलेले असावेत. पाइपच्या गॅसचे बिल दोन महिन्यांचे एकत्र येते, त्यामुळे ते बहुधा आपण गेल्यावर येईल. दोन आकड्यांतला फरक लावून ती रक्कम निघतानाच चुकती करावी, म्हणजे अनामत रक्कम त्या बिलाच्या नावाखाली अडकून पडत नाही. शेवटच्या आठवड्यात तेल आणि पीठ नवे आणू नये. शेवटचे धुणे निघण्याच्या किमान दोन दिवस आधी लावावे, कारण जुलैच्या अखेरीस ओले कपडे पिशवीत भरून सांगलीपर्यंत नेले तर ते पोहोचल्यावर पुन्हा धुवावे लागतात.